दोन दिवसांची शिदोरी : पन्हाळा ते पावनखिंड

आषाढ लागला की आपल्या बेळगावच्या परिसरातून अनेक कुटुंबे आणि तरुण मंडळी पन्हाळ्याकडे निघतात. १६६० सालच्या जुलै महिन्यात शिवछत्रपती सिद्दी जौहरच्या वेढ्यातून ज्या वाटेने विशाळगडाकडे निघाले, त्या वाटेवर पन्हाळा ते पावनखिंड अशी दोन दिवसांची पदभ्रमंती करण्याची प्रथा आता चांगली रुजली आहे. सुमारे पन्नास किलोमीटरचे अंतर, मसाई पठारावरचा भणाणता वारा, भाताच्या खाचरांतून आणि रानातून जाणारी निसरडी वाट, आणि या सर्वांवर अखंड कोसळणारा पाऊस, असे या वाटचालीचे स्वरूप असते. मोठ्या संस्थांबरोबर जाणाऱ्यांच्या जेवणाची व्यवस्था संयोजक करतात. परंतु पाच-सहा जणांचा घरगुती गट निघाला की आपली शिदोरी आपल्याच पाठीवर वाहावी लागते. जूनच्या अखेरीस पालक दवाखान्यात येऊन हमखास विचारतात, "डॉक्टर, मुलाबरोबर खायला काय द्यावे?" त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर या लेखात देण्याचा विचार आहे.

प्रथम गरज किती, ते पाहू. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलास दिवसाला २८६० कॅलरी आणि त्याच वयाच्या मुलीस २४०० कॅलरी लागतात. ही गरज नेहमीच्या दिवसाची झाली. पाठीवर ओझे घेऊन चढउताराच्या वाटेवर चालताना शरीर दर तासाला, दर किलो वजनामागे, ढोबळमानाने पाच कॅलरी खर्च करते. म्हणजे पन्नास किलो वजनाच्या मुलाने आठ तास चालायचे ठरविले तर केवळ चालण्याचेच दोन हजार कॅलरी होतात. उरलेल्या सोळा तासांचे हजार-बाराशे धरले की एकूण आकडा तीन हजारांच्या पुढे जातो. प्रौढ पुरुषाच्या बाबतीत तो साडेतीन ते चार हजारांच्या घरात असतो.

हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. दोन दिवसांच्या प्रवासात खर्च झालेली प्रत्येक कॅलरी भरून काढण्याची आवश्यकता नसते, कारण काटक मुलाच्याही अंगावर चरबीच्या रूपाने पुष्कळ दिवसांचा साठा असतो. त्याचप्रमाणे दोन दिवसांत प्रथिने थोडी कमी पडली किंवा फळे-भाज्या पोटात गेल्या नाहीत, तरी काही बिघडत नाही. अडचण येते ती ग्लायकोजेनची. यकृत आणि स्नायू यांत साठविलेली ही साखर प्रौढ माणसातही चारशे-पाचशे ग्रॅमच असते, आणि लहान चणीच्या मुलात त्याहून कमी. चढाच्या वाटेवर ती काही तासांत उतरणीस लागते. साठा संपला की चरबी असूनही पाय उचलत नाहीत. म्हणूनच शिदोरी निवडताना दिवसाची बेरीज जुळविण्यापेक्षा पिष्टमय पदार्थांचा लहान-लहान पुरवठा दिवसभर चालू राहील याकडे अधिक लक्ष द्यावे.

आता वजनाचा विचार करू. अन्नाचे ओझे बहुतांशी त्यातील पाण्याचे असते. शिजवलेल्या भातात जवळपास दोन-तृतीयांश पाणी असते आणि शंभर ग्रॅम भातातून जेमतेम १३० कॅलरी मिळतात. त्याच शंभर ग्रॅम वजनाच्या पोळ्या सुमारे तीनशे, कोरडे पोहे साडेतीनशे, शेंगदाण्याची चिक्की पाचशे आणि साजूक तूप नऊशे कॅलरी देते. केळे हे उत्तम फळ खरे, परंतु पाचशे कॅलरी केळ्यांतून हव्या असतील तर सालींसह पाऊण किलोहून अधिक ओझे वाहावे लागेल. तेवढ्याच कॅलरी आपल्या गोकाकच्या करदंटाच्या शंभर-सव्वाशे ग्रॅमांत मावतात. शिदोरी भरताना सरासरीने दर ग्रॅमला चार कॅलरी किंवा अधिक मिळतील असे पाहावे. सरासरी दोनवर आली तर ओझे दुप्पट होते, एवढे साधे हे गणित आहे.

मग सगळेच तुपातले आणि शेंगदाण्याचे का नेऊ नये? कारण स्निग्ध पदार्थ जठरात बराच वेळ रेंगाळतात. भर चढावर मूठभर शेंगदाणे खाल्लेल्या मुलाला जडपणा येतो, मळमळते, आणि पुढच्या वेळी ते खाण्यास नकार देते. म्हणून क्रम असा ठेवावा की चालताना खजूर, गूळ, चिक्की, चिवडा असे पिष्ट-शर्करायुक्त पदार्थ थोडे थोडे द्यावेत आणि तेल-तुपाचा भाग मुख्यतः रात्रीच्या जेवणात ठेवावा. रात्री पचनाला वेळही मिळतो आणि ओल्या हवेत अंगात ऊब राहण्यास त्याचा उपयोग होतो.

टिकाऊपणा हा या वाटेवरचा सर्वांत अवघड प्रश्न आहे. एका पावसाळ्यात माझ्याकडे एकाच गटातील तीन मुले उलट्यांनी बेजार होऊन आली होती. निघण्याच्या आदल्या रात्री केलेला मसालेभात डब्यात भरून त्यांनी तो दुसऱ्या दिवशी दुपारी खाल्ला होता, आणि खाल्ल्यापासून तीन-चार तासांत उलट्या सुरू झाल्या होत्या. पालकांचे म्हणणे एकच होते : "भाताला अजिबात वास येत नव्हता हो!" ते खरेच असणार. बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू तांदूळ शिजविताना मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते वाढू लागतात आणि वांती घडविणारे विष तयार करतात. हे विष भात पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. हातावरच्या जखमेतून किंवा नाकातून अन्नात जाणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूच्या विषाचेही तसेच. अशा अन्नाचा वास, रंग, चव यांवरून काही कळत नाही. म्हणून ओलसर अन्नाच्या बाबतीत नाकावर विश्वास न ठेवता घड्याळाकडे पाहावे. भात, उसळ, उकडलेले बटाटे, अंडी, पनीर, ओल्या नारळाची चटणी यांपैकी काही न्यायचेच असेल तर ते सकाळी ताजे करून, चार तासांच्या आत संपवावे. उरलेले टाकून द्यावे, संध्याकाळसाठी ठेवू नये.

कोरडे अन्न टिकते, कारण त्यात जंतूंना वापरता येईल असे मोकळे पाणी नसते. गूळ, साखर आणि मीठ हेही पाणी स्वतःकडे बांधून ठेवतात. त्यामुळे करदंट किंवा खजूर हाताला मऊ लागले तरी त्यांत जंतू सहजी वाढत नाहीत. याउलट आपला लाडका कुंदा दुधाचा आणि ओलसर. त्याची जागा घरी परतल्यावरच्या ताटात आहे.

पोळी या दोहोंच्या मध्ये बसते. तेल घालून मळलेल्या कणकेची पोळी किंवा धपाटे पहिल्या दिवशी दुपारपर्यंत निर्धोक असतात. दमट हवेत दुसऱ्या दिवशी त्यांचा भरवसा धरता येत नाही. बिघाडाची सुरुवात बहुधा आपल्याच घाईतून होते. पोळ्या गरम असतानाच डब्यात भरल्या की वाफेचे पाणी आत साचते आणि बुरशीला आयते घर मिळते. पोळ्या जाळीवर किंवा सुती कापडावर पसरून पूर्ण निवू द्याव्यात, कोरड्या फडक्यात गुंडाळाव्यात आणि मगच डब्यात ठेवाव्यात. खाण्यापूर्वी एक पोळी मोडून पाहावी. ती चिकट लागली, मोडताना तार सुटली, आंबूस किंवा पिकल्या फळासारखा वास आला, अथवा पांढरे-हिरवे ठिपके दिसले, तर सगळा गठ्ठाच बाद समजावा. ठिपक्यापुरता तुकडा काढून उरलेली पोळी खाण्यात अर्थ नाही, कारण बुरशीचे धागे न दिसणाऱ्या भागातही पसरलेले असतात.

दुसऱ्या दिवसासाठी मात्र आपल्या सीमाभागाने एक फार सोयीची वस्तू दिली आहे, ती म्हणजे कडक भाकरी. ज्वारीची पातळ भाकरी मंद आचेवर पूर्ण वाळेपर्यंत भाजलेली असल्याने ती कोरडी राहिली तर कित्येक दिवस टिकते. पावसाळी हवेत ती उघडी ठेवली तर तासाभरात चामट होते. तेव्हा ती घट्ट झाकणाच्या चपट्या डब्यात, पिशवीत बांधून न्यावी. वाटेत तिचे तुकडे झाले तरी चटणीबरोबर खाताना काही फरक पडत नाही. चटणी कोरडी असावी. शेंगदाण्याची किंवा कारळ्याची चटणी करताना लसूण कच्चा न घालता खरपूस भाजून घालावा, म्हणजे ओलावा राहत नाही. शेंगदाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले, बुरसट दाणे काढून टाकावेत. त्यांतील अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष भाजल्याने पुरते जात नाही. एखादा दाणा कडू लागल्यास तो थुंकून टाकण्यास मुलांना शिकवावे.

आता प्रत्यक्ष यादी करू. पंधरा वर्षांचा, पन्नास किलो वजनाचा मुलगा आपल्या वडिलांबरोबर आणि आणखी दोघांबरोबर जाणार आहे असे समजू. प्रथम जेवणे मोजावीत. पहिल्या दिवशीची न्याहारी पन्हाळ्यावरच होईल आणि दुसऱ्या दिवशीचे रात्रीचे जेवण परतीच्या वाटेवर किंवा घरी. म्हणजे दोन दिवसांचा प्रवास असला तरी पाठीवर न्यायची आहेत ती दोन दुपारची जेवणे, एक रात्रीचे जेवण, एक न्याहारी आणि मधली खाणी. ही मोजणी न करता पूर्ण दोन दिवसांचा शिधा भरला तर ओझे उगाच वाढते.

पहिल्या दिवशी दुपारी चार पोळ्या, तीस ग्रॅम शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. याचे वजन २३५ ग्रॅम आणि कॅलरी सुमारे ८३०. दिवसभर चालताना खाण्यासाठी साठ ग्रॅम चिक्की, साठ ग्रॅम पातळ पोह्यांचा चिवडा आणि पन्नास ग्रॅम बिनबियांचा खजूर. हे १७० ग्रॅम होतात आणि त्यांतून जवळपास ७५० कॅलरी मिळतात. मुक्कामी पोहोचताच सातूचे पीठ चाळीस ग्रॅम, गूळ वीस ग्रॅम आणि दुधाची पावडर पंधरा ग्रॅम गरम पाण्यात कालवून द्यावी. पंचाहत्तर ग्रॅमांत तीनशे कॅलरी मिळतात, आणि दमलेले मूल जेव्हा चावून खायला कंटाळते तेव्हा हे सहज पोटात जाते. रात्री तयार उपमा १४० ग्रॅम आणि बेसनाचा एक लाडू मिळून ८४० कॅलरी. पहिल्या दिवसाची बेरीज ६६० ग्रॅम आणि सुमारे २७०० कॅलरी. पन्हाळ्यावरच्या न्याहारीचे चारशे त्यात मिळविले की गरज भागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोडणी दिलेले पातळ पोहे आणि पुन्हा सातूचे पेय मिळून १७० ग्रॅम व सातशे कॅलरी. वाटेत साठ ग्रॅम करदंट, चिवडा आणि खजूर मिळून आणखी १७० ग्रॅम व सातशे कॅलरी. दुपारी कडक भाकरी १२० ग्रॅम, चटणी तीस ग्रॅम आणि छोट्या डबीतले तूप पंधरा ग्रॅम, यांचे साधारण ७३५ कॅलरी होतात. दोन्ही दिवसांचे मिळून वजन १२०० ग्रॅमच्या आत राहते आणि कॅलरी पाच हजारांच्या जवळ जातात. यात शंभर ग्रॅम चिक्की किंवा लाडू राखीव म्हणून वेगळे बांधावेत. वाट चुकली, ओढ्याला पाणी चढले, उशीर झाला, तरच ते उघडायचे, असे आधीच ठरवून ठेवावे.

तयार उपम्याची कृती सोपी आहे. शंभर ग्रॅम रव्यामागे वीस ग्रॅम तेलात मोहरी, उडदाची डाळ, हिंग, सुकी मिरची आणि कढीपत्ता घालून फोडणी करावी. कढीपत्ता कुरकुरीत होईपर्यंत परतावा. वीस ग्रॅम शेंगदाणे आणि रवा घालून मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजावे आणि शेवटी मीठ व चिमूटभर साखर घालावी. कांदा, हिरवी मिरची, आले यांना पूर्ण फाटा द्यावा, कारण त्यांचा ओलावा मिश्रण बिघडवितो. पूर्ण निवल्यावर पिशवीत भरावे. मुक्कामी साडेतीनशे मिलिलिटर उकळत्या पाण्यात हे मिश्रण ढवळत टाकून झाकण ठेवले की सात-आठ मिनिटांत उपमा तयार होतो. खिचडीला वीस मिनिटे ज्योत लागते आणि पावसात वारा लागला तर तीसही. म्हणून जिथे फक्त पाणी उकळायचे आहे असेच पदार्थ निवडावेत. चौघांसाठी एक लहान गॅसची शेगडी, शे-दोनशे ग्रॅम इंधनाचा डबा आणि एक हलके पातेले पुरते. हे ओझे मोठ्यांनी वाटून घ्यावे. शेगडी बंद तंबूत मात्र कदापि पेटवू नये, तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साईड झोपेतच जीव घेऊ शकतो.

सारे पदार्थ प्रत्येक खाण्यागणिक वेगळ्या लहान पिशव्यांत भरावेत. एकाच मोठ्या पिशवीतला चिवडा पहिल्यांदा उघडला की पावसाची दमट हवा आत जाते आणि संध्याकाळपर्यंत तो मऊ पडतो. मऊ चिवड्याने अपाय होत नाही, पण मुले तो खात नाहीत, आणि न खाल्लेल्या कॅलरी पाठीवरच राहतात. गुळालाही पाणी सुटते, म्हणून त्याचे खडे बटरपेपरमध्ये वेगळे गुंडाळावेत. रिकाम्या पिशव्या परत आणण्यासाठी एक जाड पिशवी सोबत असावीच.

सर्वांत जड वस्तू मात्र पाणी. दोन लिटरचे ओझे दोन किलो. वाटेवर ओढे-नाले भरपूर असल्याने एकदम चार लिटर वाहण्याची गरज नसते, परंतु वरच्या कुरणात गुरे चरत असल्याने ते पाणी तसेच पिण्याजोगे नसते. गढूळ पाणी दुपदरी कापडातून गाळून चांगले उकळावे, किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावे. थंड पावसात तहान जाणवत नाही, पण रेनकोटच्या आत घाम येतच असतो. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. त्याचबरोबर नुसतेच साधे पाणी भरमसाट पिणेही योग्य नव्हे. चिवडा आणि चटणीतील मीठ येथे उपयोगी पडते. ओआरएसची दोन-तीन पाकिटे बरोबर ठेवावीत, पण ती जुलाब-उलट्यांसाठी. पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवावे. एका लिटरमधून ५४ कॅलरीच मिळतात, तेव्हा तिला अन्न मानू नये.

चालताना खाण्याची वेळ भुकेवर सोपवू नये. तासाला एकदा थांबून शंभर कॅलरींइतका घास, म्हणजे चिक्कीचा एक तुकडा, चार-पाच लहान खजूर किंवा मूठभर चिवडा, प्रत्येकाने खावा. गोड आणि तिखट आलटून पालटून द्यावे, नाहीतर दुपारनंतर मुलांना गोडाचा वीट येतो. बडबडे मूल अचानक गप्प झाले, मागे पडू लागले, चिडचिड करू लागले किंवा पाय अडखळू लागले, तर ते खाण्याअभावी असू शकते. आडोशाला थांबवून गूळ किंवा खजूर द्यावा, पंधरा मिनिटांत फरक दिसतो. मात्र मूल कुडकुडत असेल, बोबडे बोलत असेल, किंवा कुडकुडणे थांबूनही सुस्तावलेले असेल, तर शरीराचे तापमान उतरले आहे हे ओळखावे. तेव्हा ओले कपडे बदलून कोरड्यात गुंडाळणे हा पहिला उपचार. मूल शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तरच गोड गरम पेय द्यावे, आणि पुढची चाल तेथेच थांबवून जवळच्या वस्तीवर न्यावे.

ही यादी सर्वांना जशीच्या तशी लागू पडत नाही. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाचा आहार आणि मात्रा त्याच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावी. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी चटणी, चिक्की, चिवडा, उपमा हे सारे बदलावे लागेल. त्यांच्या जागी फुटाणे आणि राजगिऱ्याची वडी चालू शकेल, मात्र शेंगदाण्यांबरोबर कडधान्यांचीही ॲलर्जी नाही याची खात्री आधी करून घ्यावी. मुलाच्या पाठीवरचे एकूण ओझे त्याच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्क्यांवर जाऊ नये. पन्नास किलोच्या मुलाला सव्वा किलो शिदोरी, दोन किलो पाणी आणि अडीच किलो कपडे-पांघरूण मिळून पावणेसहा किलो होतात, ते या मर्यादेत बसतात. बारा वर्षांच्या पस्तीस किलोच्या मुलीला मात्र तेच ओझे जड होईल. तिची अर्धी शिदोरी आणि एक लिटर पाणी वडिलांच्या पिशवीत जावे.

घरी परतल्यावर एक काम आवर्जून करावे. पिशव्या धुण्यापूर्वी उरलेले अन्न तराजूवर ठेवून काय आणि किती उरले हे एका वहीत लिहावे. राखीव शंभर ग्रॅमशिवाय जे जे परत आले, ते विनाकारण वाहिले गेले. गोड उरले असेल तर पुढच्या वर्षी तिखट वाढवावे, पोळ्या उरल्या असतील तर एक कमी करावी. दोन पावसाळ्यांच्या अशा नोंदींनंतर तुमच्या मुलाची यादी तुमच्याच वहीत तयार झालेली असेल, आणि ती माझ्या वरील यादीपेक्षा अधिक अचूक असेल.